केसाएवढा हादरा, चाळीस टनांचा मजला

नऊ मीटर लांबीच्या लोखंडी तुळईवर ऑफिसचा मजला टाकला, तर वापराच्या भाराखाली ती तुळई किती वाकलेली चालते? आयएस ८०० या भारतीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत अशा मजल्यांसाठी साधी मर्यादा आहे: स्पॅनचा तीनशेवा भाग. म्हणजे ३० मिलिमीटर. वर तडकणारं काही असेल तर मर्यादा थोडी कडक होते, एवढंच. आता याच मजल्यावर खुर्चीत बसून काम करणारा माणूस ‘इथं हलतंय’ अशी तक्रार केव्हा करतो ते पाहा. मजला आपल्या जागेपासून ०.०४६ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली, असा सेकंदाला पाचेक वेळा होऊ लागला की तक्रार सुरू होते. मानकाला चालणारा वाक आणि माणसाला न चालणारा हलका कंप यांच्यात साडेसहाशे पटींचं अंतर आहे.

याच अंतरात मजल्याच्या कंपनाचं टिपण जन्माला येतं. मजला पडेल का, हा प्रश्न त्यात नसतो. तो आधीच सुटलेला असतो. एक माणूस चालत गेला तर दुसऱ्याला शांतपणे बसता येईल का, एवढंच त्यात तपासायचं असतं. आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर तीन-चार आकड्यांवर उभं असतं, त्यातला एक तर चक्क गृहीत धरलेला असतो.

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न आजवर फारसा कुणाला पडला नाही, त्याला कारण आहे. इथली नेहमीची इमारत म्हणजे खाली दुकानं, वर ऑफिस किंवा बँकेची शाखा, चार-साडेचार मीटरच्या खोल्या आणि पाच इंची आरसीसी स्लॅब. असा स्लॅब आखूड आणि ताठ असतो. त्याची स्वतःची वारंवारता, म्हणजे टपली मारून सोडल्यावर तो सेकंदाला किती वेळा वर-खाली होतो तो आकडा, साधारण बारा-पंधरा हर्ट्झच्या घरात जातो. माणसाच्या चालण्याची मजल तिथवर पोचत नाही. पण आता महामार्ग ५२ च्या कडेला नवं बांधकाम करताना मालक म्हणतो, मधे कॉलम नको, अख्खा हॉल मोकळा पाहिजे. मग लोखंडी तुळया येतात, त्यावर पन्हळी डेकशीट आणि वर पातळ काँक्रीट. काम लवकर होतं, सेंट्रिंग लागत नाही, हॉल ऐसपैस दिसतो. मजला मात्र लांब, हलका आणि लवचीक झालेला असतो.

असाच एक मजला हिशेबासाठी समोर ठेवू. हॉल नऊ मीटर रुंद आणि अठरा मीटर लांब. रुंदीवर दर तीन मीटरला आयएसएमबी ३५० जातीची तुळई, तिला खिळवलेलं ५० मिलिमीटर खोल पन्हळींचं डेकशीट, पन्हळींच्या वर ८० मिलिमीटर एम-२५ काँक्रीट. त्यावर फरशी. एका आड एक तुळई सहा मीटरच्या मुख्य तुळईवर टेकलेली.

पहिलं काम वजन धरण्याचं, आणि इथंच नेहमीची सवय आड येते. ताकदीचा हिशेब करताना ऑफिसवर दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन वापरभार धरतात, वेगळी साठवणखोली नसेल तर ४. कंपनाच्या हिशेबात तो घेतला तर चूक होते, कारण ऑफिस एवढं भरलेलं जवळजवळ कधीच नसतं, आणि मजला जितका हलका तितका तो जास्त हलतो. म्हणून इथं प्रत्यक्ष रोज असणारं वजन घ्यायचं: टेबलं, खुर्च्या, कागद मिळून ०.५ किलोन्यूटन पुरे. काँक्रीट, फरशी, छताची जोडणी, तुळई आणि हे सामान मिळून या मजल्याचं वजन येतं चौरस मीटरला ४.५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास.

या वजनाखाली तुळई आणि काँक्रीट एकत्र काम करतात असं धरलं, तर तुळईचा वाक सव्वादहा मिलिमीटर येतो. मुख्य तुळईचे दोनेक मिलिमीटर धरून १२. इथून वारंवारता काढायला एक सोपी वाट आहे: मिलिमीटरमधल्या वाकाचं वर्गमूळ काढा आणि १८ ला त्यानं भागा. बाराचं वर्गमूळ ३.४६, म्हणून वारंवारता ५.२ हर्ट्झ. मजला सेकंदाला पाच वेळा, थोडं जास्तच, वर-खाली होऊ पाहतो.

आता चालणारा माणूस. ऑफिसमधली माणसं सेकंदाला साधारण १.६ ते २.२ पावलं टाकतात. सेकंदाला दोन पावलं टाकणारा माणूस पाच हर्ट्झचा मजला कसा हलवेल, असं वाटणं साहजिक आहे. पण पाऊल म्हणजे गुळगुळीत लहर नव्हे. आधी टाच आदळते, मग भार पुढच्या पंजावर सरकतो, मग पंजा जमीन ढकलतो. या ठोक्यात मूळ तालासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वेगाचे बारीक ठोकेही दडलेले असतात. सत्तर किलोच्या माणसाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग पहिल्या तालात वर-खाली होतो, दुसऱ्यात पाचवा भाग, तिसऱ्यात दहावा, चौथ्यात विसावा.

आपल्या मजल्याच्या ५.२ हर्ट्झला तीननं भागा: १.७३. मिनिटाला १०४ पावलं. फाईल हातात घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघालेला माणूस याच चालीनं चालतो. त्याच्या पावलातला तिसरा ताल आणि मजल्याची स्वतःची लय तंतोतंत जुळतात, आणि अनुनाद होतो.

या तिसऱ्या तालात जोर किती? हिशेबाला अमेरिकेतल्या लोखंडी बांधकाम संस्थेच्या, म्हणजे एआयएससीच्या, अकराव्या मार्गदर्शिकेतलं सूत्र घेऊ. ती पहिल्यांदा १९९७ मध्ये निघाली, सुधारून २०१६ मध्ये. जगभरचे अभियंते ऑफिसच्या मजल्यासाठी तिचा आधार घेतात.

```
a/g = 0.29 × e^(−0.35 f) / (β × W)
```

यात a हे मजल्याचं सर्वाधिक त्वरण, g गुरुत्वाचं त्वरण, f मजल्याची वारंवारता, β अवमंदन आणि W म्हणजे माणसाच्या पावलासोबत हलणाऱ्या मजल्याचं वजन, किलोन्यूटनमध्ये. वरचा ०.२९ आकाशातून पडलेला नाही. सत्तर किलोच्या माणसाचं वजन ०.७ किलोन्यूटन, त्याला तालाच्या तीव्रतेचा गुणक ०.८३, आणि शेवटी निम्मं केलेलं. निम्मं का, तर माणूस एका जागी पावलं आपटत नाही, तो मजल्याच्या कडेकडून मध्याकडे येतो आणि पुढं निघून जातो. शिवाय ज्याला हादरा बसतो तो अगदी मधोमधच बसलेला असेल असं नाही. ५.२ हर्ट्झला वरचा सगळा भाग येतो ०.०४७ किलोन्यूटन. म्हणजे पावणेपाच किलोच्या वजनाएवढा जोर.

खाली W आहे. अख्खा अठरा मीटरचा हॉल एका पावलानं हलत नाही. तुळया किती ताठ आणि स्लॅब किती ताठ यावरून हलणाऱ्या पट्ट्याची रुंदी ठरते. आपल्या मजल्यात ती पावणेदहा मीटरच्या जवळ येते. मुख्य तुळईनं त्यात पडणारा बारीक फरक इथं बाजूला ठेवला आहे. पावणेदहा गुणिले नऊ गुणिले साडेचार: सुमारे ४०० किलोन्यूटन, चाळीस टन.

म्हणजे पावणेपाच किलोचा जोर चाळीस टनांना हलवतो आहे. हा जोर मजल्यावर नुसता ठेवला, तर मजला २.२ मायक्रॉन खाली जाईल, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते. त्याच्या एक तृतीयांशही नाही. पण तोच जोर मजल्याच्या लयीत येत राहिला तर प्रत्येक हेलकाव्याला थोडी भर पडत जाते. पाऊण मीटरचं पाऊल धरलं तर नऊ मीटर ओलांडायला बारा पावलं, सात सेकंद, आणि तेवढ्यात मजल्याचे छत्तीस हेलकावे होतात. भर किती पडेल याला लगाम एकाच गोष्टीचा: अवमंदनाचा.

अवमंदन म्हणजे कंपनातली ऊर्जा गिळून टाकण्याची मजल्याची क्षमता. रिकाम्या पितळी तांब्याला टिचकी मारली तर तो बराच वेळ वाजतो; तो धान्यानं गच्च भरला की ठक् होऊन गप्प बसतो. तांब्या तोच, बदललं ते आतलं सामान. मजल्याचंही तसंच आहे, आणि म्हणूनच हा आकडा नकाशावरून काढता येत नाही. लोखंड आणि काँक्रीट स्वतः फारसं काही गिळत नाहीत: नुसत्या सांगाड्यासाठी १ टक्का धरतात. खालून लटकवलेलं फॉल्स सीलिंग आणि एसीचे डक्ट असतील तर आणखी १ टक्का. मोकळ्या हॉलमधलं संगणकांचं ऑफिस असेल तर फक्त अर्धा टक्का. कागदपत्रांनी भरलेलं, कपाटांचं ऑफिस असेल तर १. आणि मजल्यापासून छतापर्यंत भिडलेल्या भिंती असतील तर दोनपासून पाच टक्क्यांपर्यंत.

आता हा एकच आकडा बदलून आपला मजला पाहा. मालकानं मोकळा हॉल केला, छत न लावता तुळया रंगवून उघड्या ठेवल्या, आत फक्त लॅपटॉप ठेवले. अवमंदन दीड टक्का. ०.०४७ ला ०.०१५ आणि ४०० यांच्या गुणाकारानं भागा: त्वरण येतं गुरुत्वाच्या ०.७८ टक्के. ऑफिससाठी मर्यादा आहे ०.५ टक्का. मजला नापास. आता खाली फॉल्स सीलिंग आणि डक्ट बसवा, बाकी काही नको. अवमंदन अडीच टक्के, त्वरण ०.४७ टक्के. पास, अगदी काठावर. आणि हॉलमध्ये विटांच्या किंवा जिप्समच्या उंच भिंती घालून केबिनी केल्या आणि पाच टक्के धरले, तर ०.२४. तुळई तीच, काँक्रीट तेच, माणूस तोच, त्याची चालही तीच. पण एका टोकाला तक्रार आणि दुसऱ्या टोकाला कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. टिपणात वारंवारता दोन दशांशांपर्यंत काढलेली असते, आणि निकाल ज्याच्यावर अवलंबून आहे ते अवमंदन ‘३ टक्के धरले’ अशा एका ओळीत उरकलेलं असतं. तीन का, कुठल्या भिंती धरून, कुठलं छत धरून, हे लिहिलेलं नसतं. मग इमारत उभी राहते, भाडेकरू येतो, त्याला उघडं छत आवडतं म्हणून तो सीलिंग काढून टाकतो, आणि त्या ओळीतले तीन टक्के कुणालाही न कळता दोनवर येतात. जुन्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे आणि भरलेली लोखंडी कपाटं मजल्याला वजनही देत होती आणि कंपही गिळत होती. कागद संगणकात गेला आणि मजल्याचं तेवढं सामान कमी झालं.

०.७८ टक्के म्हणजे प्रत्यक्षात हालचाल किती? ५.२ हर्ट्झला ते होतात ७२ मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच. मघाचे २.२ मायक्रॉन ३३ पटींनी वाढून केसाएवढे झाले, आणि ही ३३ पट दीड टक्का अवमंदनातूनच येते. नऊ मीटरच्या तुळईच्या लांबीशी तुलना केली तर हा सव्वा लाखावा भाग. स्वतःच्या वजनानं आलेला वाक १२ मिलिमीटर, त्यावर ही भर अर्ध्या टक्क्याच्या थोडी पुढं. लोखंडावरचा ताणही तेवढाच बदलतो. म्हणून असा मजला थरथरला तर धोका नसतो, पण तिथं बसणाऱ्याला हे कळत नाही. त्याला इमारत कच्ची वाटते, आणि एकदा तसं वाटलं की तो प्रत्येक पावलाची वाट पाहत बसतो.

माणसाला हे एवढं बारीक कळतं तरी कसं? वर-खाली कंपाला आपलं धड चार ते आठ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जास्त साथ देतं. पोट-छातीचा भाग याच वेगानं स्वतःहून डोलू पाहतो. आंतरराष्ट्रीय मानकांत या पट्ट्यासाठी जाणवण्याची पायरी धरली आहे ती आरएमएस मापानं ०.००५ मीटर प्रति सेकंदवर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या दोन हजाराव्या भागाएवढी. आपल्या मजल्याच्या वेगाला ती साडेसहा मायक्रॉनच्या हालचालीएवढी होते. तांबड्या पेशीपेक्षाही लहान सरकणं स्थिर बसलेल्या माणसाला कळू शकतं. ऑफिसची मर्यादा या पायरीच्या सातेक पट वर आहे: कळेल, पण कामात अडसर येणार नाही, अशी. मॉलमध्ये हीच मर्यादा दीड टक्का धरतात, उघड्यावरच्या पादचारी पुलावर पाच टक्के. तिथं माणूस स्वतः चालत असतो, आणि चालणाऱ्याला स्वतःच्या पावलांचा हादरा कळत नाही. त्रास नेहमी बसलेल्याला होतो.

हिशेबापेक्षा मोजमाप खरं. उभ्या मजल्यावर ते करायला फार काही लागत नाही. स्पॅनच्या मधोमध त्वरणमापक ठेवायचा, थेट फरशीवर, चटईवर नाही. एका माणसानं चवड्यांवर उभं राहून टाचा एकदम सोडायच्या आणि मग हलायचं नाही. येणारी लहर विरत जाताना मोजायची. पहिल्या उंचीच्या दहाव्या भागावर यायला दीड टक्का अवमंदनाला चोवीस हेलकावे लागतात, जवळजवळ पावणेपाच सेकंद. अडीच टक्क्यांना पंधरा, पाच टक्क्यांना सात. मोबाइलमधलं त्वरणमापकाचं ॲपही वारंवारतेचा अंदाज देतं, फक्त त्याच्या भरवशावर अहवाल लिहू नये. एक सावधानता हवी: टाचेच्या ठोक्यात मजल्याचे इतरही कंप मिसळतात आणि पटकन विरतात, त्यामुळे या चाचणीतलं अवमंदन खऱ्यापेक्षा फुगलेलं येतं. म्हणून दुसरी चाचणी चालण्याची: मिनिटाला १०४ ठोक्यांचा ताल लावून त्या तालावर माणसाला मजला ओलांडायला लावायचा आणि बसायच्या जागेवर त्वरण नोंदवायचं. शेवटी तुलना याच आकड्याची ०.५ टक्क्याशी करायची.

गेवराईत अशी तक्रार आली की पहिला संशय महामार्गावरच्या ट्रकवर जातो, दुसरा काळ्या मातीवर. दोन्ही तपासता येतात. रात्री ऑफिस रिकामं असताना मापक चालू ठेवा. वाहनांनी येणारा कंप तेव्हाही दिसेल; पावलांचा कंप माणसांसोबत घरी गेलेला असेल. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यानं पाया हलतो, भिंतींना तडे जातात. पण ते काम महिन्यांचं आहे, सेकंदाला पाच हेलकाव्यांचं नाही.

नापास मजल्याचं काय करायचं? काँक्रीट जाड करावं असं पटकन सुचतं. आपल्या मजल्यात तीस मिलिमीटर जास्त काँक्रीट सुरुवातीलाच टाकलं असतं, तर गंमत म्हणजे वारंवारता जवळजवळ तेवढीच राहिली असती, कारण ताठपणा वाढतो तसं वजनही वाढतं. फायदा दुसरीकडून होतो: जाड स्लॅब भार लांबवर पसरवतो, सोबत हलणारं वजन चाळीसवरून त्रेपन्न टनांच्या आसपास जातं, आणि दीड टक्का अवमंदनालाही त्वरण ०.७८ वरून ०.५९ वर येतं. सुधारणा आहे, पण तरी नापासच. आणि हे बांधून झालेल्या मजल्यावर करायचं तर तुळया आणि पाया ते वजन झेलतील का हे आधी पाहावं लागेल. उभ्या इमारतीत स्वस्त उपाय वेगळे असतात: फॉल्स सीलिंग बसवणं, स्पॅनच्या मध्यावर छतापर्यंत भिडणारी एखादी भिंत घालणं, जाण्यायेण्याची वाट मधून काढून कॉलमच्या ओळीशेजारून नेणं. शेवटच्या उपायाला पैसेच लागत नाहीत, कारण तुळईच्या टोकाजवळ टाकलेलं पाऊल मजल्याला फारसं हलवू शकत नाही.

एक गोष्ट मात्र वर दिलेल्या हिशेबात अजिबात बसत नाही: तालावर उड्या. २०११ च्या जुलैमध्ये सोलमधली टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत दहाएक मिनिटं हलली आणि ती रिकामी करावी लागली. चौकशीत कारण निघालं ते बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत एका तालावर व्यायाम करणारी वीसेक माणसं. ऑफिसच्या मजल्यावर किंवा त्याच सांगाड्यावर वर कुठं झुंबाचा वर्ग भाड्यानं द्यायचा असेल, तर चालण्याचं टिपण पुरत नाही; त्यासाठी वेगळा हिशेब लागतो.

गेवराईत किंवा कुठंही मोकळ्या हॉलचा लोखंडी मजला बांधणाऱ्याला माझी विनंती आहे. अभियंत्याकडून कंपनाचं टिपण मागा, आणि त्यात अवमंदनाचा आकडा कुठलं छत, कुठल्या भिंती आणि कुठलं सामान धरून घेतला आहे ते शब्दांत लिहून घ्या. दीड टक्क्याला मजला पास होत असेल तर आतलं छत आणि भिंती हव्या तशा ठेवा. अडीचला पास होत असेल, तर ते सीलिंग मजल्याचाच भाग आहे असं समजा आणि भाडेकराराच्या कागदात तसं नोंदवा.